एचव्हीला दहाने भागा आणि एटीआरशी ताडून बघा: शेअर किती हलतो हे मोजायची नवीन लोकांसाठी पद्धत

आमच्या ग्रुपमध्ये सातपूरला कारखान्यात शिफ्ट करणारा एक पोरगा आहे, त्याने परवा विचारलं, "दादा, एकाच शेअरची व्होलॅटिलिटी एका ठिकाणी 23 दाखवतंय आणि दुसऱ्या ठिकाणी 20, मग खरी कुठली?" दोन्ही खऱ्या होत्या. 23 हे टक्के होते, तेही वर्षाचे, आणि 20 हे रुपये होते, एका दिवसाचे. पहिली हिस्टॉरिकल व्होलॅटिलिटी म्हणजे एचव्ही आणि दुसरा अ‍ॅव्हरेज ट्रू रेंज म्हणजे एटीआर. दोन्ही "शेअर किती हलतो" याचंच उत्तर देतात, फक्त बघायच्या जागा वेगळ्या. एचव्ही फक्त बंद भाव बघते, दिवसभरात काय धुमाकूळ झाला याच्याशी तिला काही घेणंदेणं नाही. एटीआर दिवसाचा हाय, लो आणि कालचा क्लोज बघतो. हे दोन आकडे शेजारी ठेवले की शेअरचा स्वभाव कळतो, एकट्या आकड्यावरून तो कळत नाही. म्हणून दोन्ही आपल्या हाताने एक्सेलमध्ये काढायचे कसे आणि मग एकमेकांशी ताडायचे कसे, ते इथे लिहितोय.

आधी डेटा, कारण निम्मे घोळ इथेच होतात

एनएसईच्या वेबसाइटवरून शेअरचा जुना डेटा सीएसव्हीमध्ये मिळतो. आपल्याला तारीख, हाय, लो आणि क्लोज एवढेच कॉलम लागतात, बाकीचे उडवा. फाइलमध्ये क्लोज वेगळा आणि शेवटच्या सौद्याचा भाव वेगळा असे दोन कॉलम दिसतील, ते दोन आकडे एकच नसतात, तर क्लोज घ्यायचा आणि शेवटपर्यंत तोच धरून राहायचा.

आता तारखांचा क्रम बघा. डाउनलोड केलेल्या फाइलमध्ये बऱ्याचदा सगळ्यात नवा दिवस वर असतो. आपल्याला जुना वर आणि नवा खाली हवाय, म्हणून आधी सॉर्ट करा. यातली गंमत अशी की उलट्या क्रमात ठेवून सगळ्या डेटाची एचव्ही काढली तरी ती बरोबरच येते, कारण रिटर्नची फक्त चिन्हं उलटतात, पसारा तेवढाच राहतो. पण ट्रू रेंज चुकतो, कारण तो कालच्याऐवजी उद्याचा क्लोज उचलतो, आणि आकडा दिसायला एकदम बरा दिसतो त्यामुळे शंका पण येत नाही. म्हणजे एचव्ही जुळली म्हणून शीट बरोबर आहे असं समजायचं नाही.

तिसरी गोष्ट बोनस आणि स्प्लिटची. एक्सचेंजच्या रोजच्या भाव फाइलमध्ये त्या दिवशीचा भाव जसाच्या तसा असतो, मागचे भाव बदललेले नसतात. समजा 1:1 बोनस आला आणि भाव 1000 चा 500 झाला, तर शीटला वाटतं शेअर एका दिवसात अर्धा झाला. अशा एकाच दिवसामुळे 20 दिवसांची एचव्ही 245 टक्क्यांच्या आसपास जाते, बाकीचे 19 दिवस शेअर ढिम्म बसलेला असला तरी. ओळखायची खूण सोपी आहे, एचव्ही एका दिवसात दोनशेच्या वर उडते, बरोबर 20 दिवस तिथेच बसते आणि 21 व्या दिवशी धाडकन खाली येते. असं दिसलं की त्या तारखेच्या आधीचे सगळे हाय, लो, क्लोज त्या प्रमाणात भागून घ्या.

एचव्ही काढायची

कॉलम ए मध्ये तारीख, बी मध्ये हाय, सी मध्ये लो, डी मध्ये क्लोज. दुसऱ्या ओळीत पहिला दिवस. मग तिसऱ्या ओळीपासून रिटर्न:

```
E3:  =LN(D3/D2)
H22: =STDEV.S(E3:E22)*SQRT(252)
```

E3 खाली ओढत न्या, 20 रिटर्न झाले की H22 मध्ये पहिली एचव्ही येते, सेलला टक्क्यांचा फॉरमॅट द्या. #VALUE! आलं तर बहुतेक भावाच्या सेलमध्ये काहीतरी जास्तीचं चिन्ह आहे आणि एक्सेल त्याला आकडा न धरता मजकूर धरतंय.

लॉग कशाला, साधी टक्केवारी का नाही, हे सगळेच विचारतात. शेअर 100 चा 110 झाला आणि परत 100 वर आला, तर साध्या टक्केवारीत वर 10 आणि खाली 9.09, म्हणजे बेरीज शून्य येत नाही, जरी भाव जिथून निघाला तिथेच आला. लॉगमध्ये वर 9.53 आणि खाली पण 9.53. लॉग रिटर्नची नुसती बेरीज केली की पूर्ण कालावधीचा रिटर्न मिळतो, आणि एका दिवसाच्या आकड्यावरून वर्षाचा आकडा काढायला नेमकं हेच लागतं.

252 म्हणजे वर्षातले ट्रेडिंगचे दिवस. आपल्याकडे सुट्ट्या धरून ते जरा कमीच भरतात, पण 248 धरलं तरी उत्तरात एक टक्क्याचा पण फरक पडत नाही, 22.8 चं 22.6 होतं इतकंच, त्यामुळे त्यावर वाद घालत बसू नका, फक्त सगळ्या शेअरना एकच आकडा वापरा. वर्गमूळ यासाठी की रोजचे रिटर्न एकमेकांवर अवलंबून नाहीत असं मानलं तर दिवसागणिक व्हेरियन्सची बेरीज होते, स्टँडर्ड डेव्हिएशनची होत नाही. 252 चं वर्गमूळ 15.87, तोंडी हिशोबाला 16 धरा. कोणी एचव्ही 32 टक्के सांगितली तर 16 ने भागा, दिवसाला 2 टक्के, मग आकडा लगेच अंगवळणी पडतो.

एटीआर काढायचा

हा वेल्स वायल्डर नावाच्या माणसाने 1978 मध्ये मांडला. त्याचं म्हणणं असं, की नुसतं हाय वजा लो धरलं तर रात्रीतून पडलेला गॅप हिशोबातून सुटतो. म्हणून तीन अंतरं काढायची, आजचा हाय ते आजचा लो, आजचा हाय ते कालचा क्लोज, आणि आजचा लो ते कालचा क्लोज. त्यातलं सगळ्यात मोठं तो त्या दिवसाचा ट्रू रेंज.

```
F3:  =MAX(B3-C3,ABS(B3-D2),ABS(C3-D2))
G16: =AVERAGE(F3:F16)
G17: =(G16*13+F17)/14
```

पहिले 14 दिवस साधी सरासरी आणि त्यानंतर कालच्या एटीआरचे 13 भाग अधिक आजच्या ट्रू रेंजचा एक भाग, भागिले 14. चार्टवर दिसणारा एटीआर बहुतेक ठिकाणी असाच काढलेला असतो. तुमचा आकडा चार्टशी थोडा जुळला नाही तर घाबरू नका, चार्टने खूप मागून सुरुवात केलेली असते, तुम्ही पण शंभरेक दिवस मागून सुरू करा, जुळेल.

एटीआर रुपयात येतो हे लक्षात ठेवा. 3000 च्या शेअरचा 45 रुपये एटीआर हा 300 च्या शेअरच्या 9 रुपयांपेक्षा शांत आहे, पहिला दीड टक्का आणि दुसरा तीन टक्के. म्हणून तुलना करायच्या आधी एटीआरला क्लोजने भागून टक्के करायचे. याला मी पुढे एटीआर टक्के म्हणतो.

आता खरी मजा: क्लोज तेच, शेअर वेगळे

खाली दोन शेअर घेतलेत, आकडे मी समजवायला बनवलेले आहेत. दोघांचा आधीचा क्लोज 500, आणि पाचही दिवस दोघांचे क्लोज अगदी सारखे. फरक फक्त हाय आणि लो मध्ये.

| दिवस | क्लोज | पहिल्याचा हाय–लो | ट्रू रेंज | दुसऱ्याचा हाय–लो | ट्रू रेंज |
|---|---|---|---|---|---|
| सोम | 505 | 506–499 | 7 | 514–495 | 19 |
| मंगळ | 497 | 506–495 | 11 | 511–488 | 23 |
| बुध | 503 | 504–496 | 8 | 512–490 | 22 |
| गुरू | 498 | 504–497 | 7 | 509–489 | 20 |
| शुक्र | 506 | 507–498 | 9 | 515–503 | 17 |

दुसऱ्या शेअरचा शुक्रवार बघा. हाय 515, लो 503, म्हणजे दिवसाची रेंज फक्त 12. पण गुरुवारी तो 498 ला बंद झाला होता आणि शुक्रवारी 503 च्या खाली आलाच नाही, म्हणजे गॅप वर उघडला. 515 मधून 498 गेले की 17, तो ट्रू रेंज. नुसती रेंज धरली असती तर हा दिवस उगाच शांत वाटला असता.

लॉग रिटर्न दोघांचे तेच: 0.995, उणे 1.597, 1.200, उणे 0.999 आणि 1.594 टक्के. सरासरी 0.239. प्रत्येकातून सरासरी वजा करा, वर्ग करा, बेरीज येते 8.233. रिटर्न पाच असले तरी भागायचं चारने, कारण सरासरी याच आकड्यांतून काढली (STDEV.S हेच करतं, STDEV.P पाचने भागतं, ते घेऊ नका). 2.058 चं वर्गमूळ 1.43 टक्के, हे दिवसाचं. गुणिले 15.87, वर्षाचे 22.8 टक्के. दोन्ही शेअरची एचव्ही 22.8, तसूभर फरक नाही.

आणि ट्रू रेंजची सरासरी? पहिल्याची 8.40 रुपये, म्हणजे 506 च्या 1.66 टक्के. दुसऱ्याची 20.20 रुपये, म्हणजे 3.99 टक्के. अडीच पटीच्या आसपास फरक, आणि एचव्हीला त्याचा पत्ता पण नाही.

याने खिशाला काय फरक पडतो ते बघा. समजा एचव्ही आधीपासून हीच चालली होती आणि कोणीतरी सोमवारी क्लोजला 505 ला दोन्ही शेअर घेतले, स्टॉप लावला दिवसाच्या एचव्हीच्या दुप्पट, म्हणजे साडेचौदा रुपये खाली, 490.50 ला. मंगळवारी पहिल्याचा लो 495, स्टॉपला हात पण लागला नाही. दुसऱ्याचा लो 488, स्टॉप उडाला. शुक्रवारी दोघेही 506 ला बंद. दिशा बरोबर होती, घेतलेला भाव बरोबर होता, फक्त स्टॉपचं अंतर अशा मापाने काढलं ज्याने दिवसभरातली हालचाल कधी बघितलीच नव्हती.

स्टॉप दोन एटीआरचा धरला तर पहिल्याला 16.80 रुपये आणि दुसऱ्याला 40.40 रुपये लागतात. एका सौद्यात जास्तीत जास्त 2000 रुपये घालवायची तयारी असेल तर पहिल्याचे 119 शेअर बसतात आणि दुसऱ्याचे फक्त 49. रकमेत बोलायचं तर पहिल्यात साठ हजार आणि दुसऱ्यात पंचवीस हजाराच्या आत. एचव्ही बघून क्वांटिटी ठरवणारा दोन्हीकडे सारखेच शेअर घेईल.

दहाने भागायचा हिशोब

भाव दिवसभर अखंड आणि कुठल्याही दिशेला सारखाच भटकतोय असं मानलं, तर गणितात दिवसाची हाय-लो रेंज सरासरी स्टँडर्ड डेव्हिएशनच्या 1.6 पट येते. आता वर्षाच्या एचव्हीला 15.87 ने भागलं की दिवसाचं स्टँडर्ड डेव्हिएशन, त्याला 1.6 ने गुणलं की अपेक्षित रेंज. 15.87 भागिले 1.6 म्हणजे जवळपास 10. म्हणून सरळ एचव्हीला 10 ने भागा, तो अंदाजे एटीआर टक्के असायला हवा. 22.8 ची एचव्ही असेल तर 2.28 टक्के.

आपल्या उदाहरणात पहिल्याचा 1.66, अपेक्षेच्या पाऊण पट. दुसऱ्याचा 3.99, अपेक्षेच्या पावणेदोन पट. हेच गुणोत्तर मी शीटमध्ये एक वेगळा कॉलम करून ठेवतो, आणि माझ्या मते एचव्ही किंवा एटीआर एकेकट्यापेक्षा हा कॉलम जास्त बोलतो.

गुणोत्तर एकच्या बरंच वर, दीड वगैरे, म्हणजे शेअर दिवसा लांब जातो आणि बंद व्हायच्या आत परत येतो. लांब दांड्यांच्या मेणबत्त्या. अशा शेअरमध्ये क्लोजवरचा चार्ट गोड दिसतो आणि इंट्राडे स्टॉप सारखे उडतात. गुणोत्तर अर्ध्याच्या आसपास, म्हणजे सगळी हालचाल रात्रीत होते, सकाळी सव्वानऊला गॅप आणि मग दिवसभर झोप. हालचाल शंभर टक्के गॅपमध्येच असेल तर एटीआर टक्के एचव्हीच्या विसाव्या भागाजवळ येतो, हा खालचा टोकाचा कोपरा समजा. तिथे स्टॉप लावून पण फार उपयोग नाही, भाव स्टॉपवरून उडी मारून खालीच उघडतो, तिथे क्वांटिटी कमी करणं एवढंच हातात असतं. साधे मोठे शेअर एकच्या थोडे खाली दिसणं नॉर्मल आहे, कारण थोडीफार हालचाल रात्रीत होतेच.

गुणोत्तर बिघडायचं अजून एक कारण म्हणजे एकसारखा चढणारा शेअर. रोज बरोबर 1 टक्का वर जाणाऱ्या शेअरची एचव्ही शून्य येते, कारण सरासरी वजा केल्यावर हातात काही उरतच नाही. एटीआर मात्र 1 टक्क्याच्या आसपास तरी दाखवतो. इतका सरळ शेअर कोणाला भेटत नाही, पण सलग अप्पर सर्किट लागणारा छोटा शेअर याच्या जवळ जातो, आणि मग "एचव्ही किती कमी, किती सेफ" असं म्हणून लोक त्यात उतरतात. तो सुटायला लागला की विकायला खरेदीदार नसतो, आणि हे एचव्हीत पण नाही आणि एटीआरमध्ये पण नाही.

ताडताना खिडकी सारखी ठेवा

इथे बरेच जण गंडतात. एचव्ही 20 दिवसांची साधी, एटीआर 14 चा वायल्डरवाला, आणि भागाकार करून मोकळे. वायल्डरचा 14 हा नावाला 14 आहे, त्याची मागची आठवण 27 दिवसांच्या एक्स्पोनेन्शियल सरासरीएवढी लांब असते. समजा रिझल्टच्या दिवशी शेअर 8 टक्के पडला. एचव्हीमध्ये तो दिवस 20 दिवस पूर्ण वजनाने बसतो आणि 21 व्या दिवशी एकदम बाहेर, एचव्ही धपकन पडते आणि बाजारात तर त्या दिवशी काहीच झालेलं नसतं. एटीआरमध्ये तोच दिवस हळूहळू विरतो, नऊ-दहा दिवसांनी निम्मा आणि 20 दिवसांनी पण पाव हिस्स्याच्या जवळपास शिल्लक असतो. मग 21 व्या दिवशी गुणोत्तर अचानक वर जातं आणि तुम्हाला वाटतं शेअरचा स्वभाव बदलला. म्हणून ताडायला एटीआर न घेता ट्रू रेंजची 20 दिवसांची साधी सरासरी घ्या, रोजच्या स्टॉपला वायल्डरवाला चालू द्या:

```
I22: =AVERAGE(F3:F22)/D22
J22: =I22*10/H22
```

J22 म्हणजे आपलं गुणोत्तर. दोन दशांश स्थळं पुरेत, त्याहून जास्त बारकाईला अर्थ नाही, कारण 20 रिटर्नवरून काढलेली एचव्ही मुळातच ढिली असते. सगळं पुस्तकातल्यासारखं नीट वागलं तरी तिच्यात साधारण 16 टक्के इकडेतिकडे होतं, म्हणजे 22.8 आली तर खरी 19 पण असू शकते आणि 26 पण, आणि पाच दिवसांच्या माझ्या उदाहरणात तर त्याहून कितीतरी जास्त. एकाचं गुणोत्तर 0.9 आणि दुसऱ्याचं 1.0 आलं म्हणून काही ठरवू नका. 0.6 आणि 1.6 असेल तर बोला.

इंडिया व्हिक्सशी पण याची गल्लत करू नका. व्हिक्स निफ्टीच्या ऑप्शनच्या भावावरून निघतो, म्हणजे पुढच्या महिन्याभरात किती हालचाल होईल असं लोकांना वाटतंय ते. एचव्ही झालेल्या गोष्टीची मोजणी. दोन्ही वर्षाच्या टक्क्यात असल्यामुळे शेजारी ठेवता येतात, निफ्टीची एचव्ही 10 आणि व्हिक्स 15 असेल तर ऑप्शनवाले झालेल्या हालचालीपेक्षा जास्त पैसे मागतायत असं वाचता येतं. एटीआर असा थेट शेजारी ठेवता येत नाही, आधी टक्के करून दहाने गुणावं लागतं आणि वर सांगितलेला गॅपचा घोळ त्यात येतोच.

आणि शेवटी आपल्याकडचा प्रश्न, कारण नाशकात हे शिकवलं की कोणीतरी विचारतंच, "मग लासलगावच्या कांद्याचा एटीआर काढू का?" बाजार समिती रोज किमान, कमाल आणि सर्वसाधारण दर देते, त्यामुळे हाय-लो-क्लोज असल्यासारखंच वाटतं. पण नाही काढायचा. शेअरचा हाय आणि लो म्हणजे एकाच वस्तूचा दोन वेगळ्या वेळचा भाव. लिलावातला किमान दर गोल्टीचा किंवा भिजलेल्या मालाचा असू शकतो आणि कमाल दर निवडक उन्हाळ कांद्याचा, तेही एकाच तासात. ते अंतर मालाच्या प्रतीचं आहे, भाव हलल्याचं नाही, त्यामुळे एटीआर भलताच मोठा येईल आणि भाव आठवडाभर जागचा हलला नसला तरी मोठाच राहील. सर्वसाधारण दराची एचव्ही मात्र काढता येते, फक्त 252 विसरा. लिलाव कधी संपामुळे बंद, कधी सणामुळे, अमावास्येला बंद ठेवायची पद्धत पण पूर्वी होती, आणि चार दिवसांच्या बंदीनंतरचा रिटर्न हा एका दिवसाचा रिटर्न नसतो. वर्षभराच्या फाइलमध्ये लिलावाचे दिवस मोजा आणि त्या संख्येचं वर्गमूळ वापरा, आणि मोठ्या बंदीनंतरचा पहिला रिटर्न एकदा ठेवून आणि एकदा काढून, दोन्ही एचव्ही लिहून ठेवा.